विटेवरचे ध्यान आणि पाहणाऱ्याची नजर

चित्र किंवा मूर्ती पाहून कवी जी कविता लिहितो, तिला पाश्चात्त्य समीक्षेत एक्फ्रॅसिस असे ग्रीक नाव आहे. होमरने 'इलियड'च्या अठराव्या सर्गात अकिलीसच्या ढालीवरची चित्रे वर्णिली, तिथून ही परंपरा मोजतात. घाटंजीला वर्गात हा विषय काढला की मुलांची पहिली शंका ठरलेली असते, "सर, मराठीत असं काही आहे का?" मी म्हणतो, "तुम्हाला ते लहानपणापासून पाठ आहे. तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान' म्हणून पाहा."

वाचकांनाही हा अभंग येतोच. म्हणून तो इथे उतरवीत नाही. मनातल्या मनात म्हणावा आणि माझ्याबरोबर एकेक पायरी उतरावी.

आधी 'ध्यान' हा शब्द घेऊ. आपण त्याचा अर्थ डोळे मिटून बसणे असा करतो. पण मूर्तिशास्त्रात ध्यान म्हणजे देवतेच्या रूपाचे नेमके शब्दचित्र. हात किती, हातांत काय, वस्त्र कोणते, बसलेली की उभी, हे सारे ध्यानश्लोकात सांगितलेले असते आणि शिल्पकार त्याबरहुकूम मूर्ती घडवतो. तिथे शब्द आधी आणि दगड मागाहून. तुकोबांनी हा क्रम उलटा केला. मूर्ती समोर उभी आहे आणि शब्द तिच्या मागून येत आहेत. तेव्हा पहिला प्रश्न असा की हे शब्द मूर्तीवर कोणत्या वाटेने फिरतात?

संस्कृत टीकाकारांचा एक संकेत आहे. माणसाचे वर्णन मस्तकापासून खाली करावे, देवाचे चरणांपासून वर. तुकोबा आरंभ पायांखालच्या विटेपासून करतात, तिथून कमरेवरच्या हातांकडे येतात आणि गळ्यातल्या तुळशीहारापर्यंत चढतात. इथवर संकेत पाळला गेला. पण मग नजर पुन्हा खाली कासेच्या पीतांबराकडे जाते. तिथे वर्णन क्षणभर थांबते आणि हे रूप आपल्याला निरंतर आवडते असे कवी मध्येच सांगून टाकतो. त्यानंतर कानांतली कुंडले, मग कंठातला कौस्तुभ आणि शेवटी श्रीमुखाचे नाव.

वर, खाली, परत वर, असा हा फेरा आहे. यादी करणारा माणूस असा पाहत नाही. जवळ उभा राहून आवडीच्या वस्तूवरून पुन्हापुन्हा नजर फिरवणारा माणूस असा पाहतो. कवितेतली नजर ओळखण्याची पहिली खूण ही. नामे क्रमाने कागदावर मांडावीत आणि वाट कुठे वळते ते पाहावे.

दुसरी पायरी म्हणजे कविता मूर्तीशेजारी ठेवणे. पंढरपूरची मूर्ती काळ्या पाषाणाची, सुमारे पावणेचार फूट उंचीची. वीट, कमरेवरचे हात, मकरकुंडले आणि कौस्तुभ हे दगडातच कोरलेले आहे. तुळशीचा हार आणि पीतांबर मात्र पूजेत चढवायचे आणि उतरवायचे. अभंगात या दोन्ही गोष्टी एकाच पंगतीला बसल्या आहेत. शिवाय कुंडले नुसती आहेत असे नव्हे, ती तळपतात. दगडाचे कुंडल आपणहून तळपत नाही. त्याला वरून घातलेले सोने तरी हवे, नाहीतर समईचा हलता उजेड तरी. म्हणजे इथली नजर शिल्प तपासणाऱ्याची नव्हे. पूजा झालेली, दिवा लागलेला आणि देव सजलेला आहे, अशा वेळी गाभाऱ्यात पोचलेल्या माणसाची ती आहे.

आता काय गाळले ते पाहा. मूर्तीच्या कमरेवरच्या हातांत शंख आणि कमळाचा देठ आहे. अभंगात दोन्ही नाहीत. विष्णूची ओळख पटवायला कवीला शंख नको असेल असे म्हणावे, तर कौस्तुभ आणि मकरकुंडले त्याने घेतलीच आहेत. माझा तर्क असा की हातांत काही दिसले की हात कामाला लागतात. आणि तुकोबांना ते रिकामे, कमरेवर टेकलेले, वाट पाहणारे हवे आहेत. हा तर्क झाला, पुरावा नव्हे. पण गाळलेल्या वस्तूचे कारण विचारल्याशिवाय नजरेचा विचार पुरा होत नाही.

सर्वांत मोठी गाळणी तर शेवटी आहे. श्रीमुखाचे नाव येते, पण नाक, डोळे, हसू यांविषयी एक अक्षर नाही. आणि क्रियापद भविष्यकाळी आहे. कवीने मुख पाहिले नाही, तो ते पाहणार आहे. इतका वेळ मूर्तीवर फिरलेली नजर मुखापाशी येते आणि कविता संपते. जर्मन कवी रिल्के याने 1908 साली प्रसिद्ध झालेल्या एका कवितेत अपोलोचे शिर नसलेले धड वर्णिले आहे. तिथे डोळेच नाहीत, तरी ते धड पाहणाऱ्याकडे पाहते आणि तो अस्वस्थ होतो. तुकोबांच्या अभंगात डोळे असलेला देव आपल्याकडे पाहतो असे कुठेच म्हटलेले नाही. पाहण्याचे सारे सुख आणि सारी आस पाहणाऱ्याकडे ठेवली आहे.

ही नजर किती जवळची आहे हे कळायला नामदेवांच्या नावावर असलेली 'युगे अठ्ठावीस' ही आरती शेजारी ठेवावी. वीट, हात, तुळशीमाळ, पीतांबर ही सामग्री तिथेही आहे. पण तिथे देवाच्या डाव्या अंगाला रखुमाई आहे, पायांशी भीमा वाहते आणि पुढे गरुड-हनुमंत उभे आहेत. आमची बहुतेक मुले विठोबाला ओळखतात ती भिंतीवरच्या तसबिरीतून. तिथे रखुमाई शेजारीच असते, म्हणून त्यांना यात वावगे वाटत नाही. प्रत्यक्षात कौंडिण्यपूरची आमची ही वैदर्भीय लेक मागच्या बाजूला स्वतंत्र मंदिरात उभी आहे आणि गाभाऱ्यातून नदी दिसत नाही. आरतीतले दृश्य देवळातल्या कोणत्याही एका जागेवरून दिसणारे नाही. ते साऱ्या पंढरीचे आहे, आणि आरती ही सर्वांनी मिळून म्हणायची असल्यामुळे ते तसे असणे योग्यच आहे. अभंग मात्र एका माणसाचा, एका जागेवरचा आहे.

इथे एक चूक फार होते. कविता मूर्तीशी जुळली नाही की कवी चुकला म्हणायचे, आणि जुळली की तिला छायाचित्र समजायचे. मूर्ती परचक्राच्या भीतीने अनेकदा हलवली गेली. आज आहे तीच मूळची का, यावर संशोधकांत वाद आहे, डॉ. रा. चिं. ढेरे यांनी माढ्याच्या मूर्तीच्या बाजूने कौल दिला. तेव्हा अभंगावरून मूर्तीचा किंवा मूर्तीवरून अभंगाचा निवाडा करू नये. दोहोंतला फरक टिपावा, कारण पाहणारा सापडतो तो त्या फरकातच.

आता घरी आरती होईल तेव्हा तसबिरीसमोर उभे राहून एवढेच करून पाहावे. कवितेतल्या वस्तू एकेक करून तसबिरीत शोधाव्या. कोणती सापडत नाही आणि तसबिरीतली कोणती कवितेत आली नाही, हे घरातल्या मुलांना विचारावे. मुलांची नजर या कामात आपल्यापेक्षा पुष्कळ तीक्ष्ण असते.