नंबर नेमका कुठे सेव्ह झालाय?

फोनमधली नावांची यादी उघडली की सगळी नावे एकाखाली एक दिसतात. ती वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेली असू शकतात, हे त्या यादीवरून कळत नाही. काही नावे सिमकार्डावर असतात, काही फोनच्या स्वतःच्या मेमरीत, तर काही गूगल खात्यात. रोजच्या वापरात याने काही बिघडत नाही. फोन बदलायची वेळ येते तेव्हा मात्र या तीन ठिकाणांचे नशीब वेगवेगळे असते आणि निम्मी नावे गायब झाल्याचा घोळ तिथेच होतो.

आधी सिमकार्ड पाहू. त्याच्या चिपमध्ये फोनबुकसाठी आखून दिलेले ठरावीक कप्पे असतात, बहुतेक कार्डांवर अडीचशेच्या आसपास. प्रत्येक कप्प्यात एक नाव आणि एक नंबर बसतो. पत्ता, फोटो, वाढदिवस यांना तिथे जागा नसते. दुसरा नंबर किंवा ई-मेल ठेवायची सोय काही नव्या कार्डांवर असते, पण फोन बदलल्यावर ती चालेलच असे नाही. सगळे कप्पे भरले की नवा नंबर सेव्हच होत नाही. फोनमध्ये कितीही जीबी मोकळी असली तरी तिचा इथे उपयोग नाही.

नावासाठीची जागाही मोजकीच असते. समजा, एका कार्डावर ती चौदा बाइट आहे. Sunanda Mavshi आणि Sunanda Shinde ही दोन्ही नावे मधली मोकळी जागा धरून बरोबर चौदा अक्षरांची आहेत, त्यामुळे ती पुरती मावतात. हीच नावे देवनागरीत लिहिली की गणित बदलते. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि अनुस्वाराला साधारणपणे दोन-दोन बाइट लागतात, शिवाय सुरुवातीला एक बाइट खुणेसाठी जातो. म्हणजे जागा उरते सहा चिन्हांची. स, उकार, न, अनुस्वार, द आणि काना ही झाली सहा. ‘सुनंदा मावशी’ आणि ‘सुनंदा शिंदे’ या दोघीही सिमवर नुसत्या ‘सुनंदा’ होतात. काही फोन अक्षरे दाटीने बसवण्याची दुसरी पद्धत वापरतात, तेव्हा थोडी जास्त मावतात, पण मर्यादा राहतेच. म्हणून फोनमधली नावे सिमवर कॉपी केल्यावर ती अर्धवट तुटलेली दिसली किंवा एकाच माणसाच्या दोन नंबरांच्या दोन नोंदी झाल्या, तर फोन बिघडलेला नसतो. कप्पाच तेवढा असतो.

सिमबाबत आणखी एक समज पक्का रुजलेला आहे: सिम हरवले तर कंपनी नवे देते, त्यात जुने नंबर येतीलच. ते येत नाहीत. नव्या कार्डावर तुमचा मोबाइल नंबर चालू होतो, पण फोनबुक जुन्या कार्डाच्या चिपमध्येच राहते. कंपनीकडे त्याची प्रत नसते. दुसऱ्या कंपनीकडे नंबर पोर्ट केला तरी हेच घडते. जुने कार्ड हाताशी असेल तर सेवा बंद झाल्यावरही ते फोनमध्ये घालून नावे बहुधा वाचता येतात, म्हणून सिम बदलल्या बदलल्या जुने कार्ड मोडून टाकू नये.

फोनची मेमरी सिमपेक्षा खूप ऐसपैस असते. तिथे पूर्ण नाव, चार नंबर, फोटो असे सगळे राहते. धोका एवढाच की ते त्या एका हँडसेटपुरते असते. फोन चोरीला गेला, पाण्यात पडला किंवा रिसेट झाला की तीही नावे गेली. गूगल खात्यातली नावे मात्र इंटरनेटवर प्रत ठेवतात. तिथली मर्यादा 25,000 नावांची आहे आणि चुकून पुसलेले नाव 30 दिवसांच्या आत परत आणता येते.

आता एक उदाहरण घेऊ. साताऱ्यात खानावळ चालवणाऱ्या एका काकूंच्या अँड्रॉइड फोनमध्ये एकूण 412 नावे आहेत, असे समजा. 187 सिमवर, 96 फोनच्या मेमरीत आणि 129 गूगल खात्यात. नवा फोन घेऊन त्यांनी नुसते खाते जोडले तर 129 नावे दिसतील. जुने सिम घातले की आणखी 187 दिसतील. यादी भरलेली वाटेल आणि जुना फोन रिसेट करून विकला जाईल. उरलेली 96 नावे त्याच क्षणी संपतील. दुधवाल्याचा किंवा गॅस एजन्सीचा नंबर हवा झाला की मग शोधाशोध सुरू होईल.

हे टाळायचे तर सगळी आवराआवर जुन्या फोनवरच करायची. गूगलचे Contacts अ‍ॅप उघडून यादीच्या वर खात्याचे नाव निवडले की Device, SIM आणि जी-मेल खाते असे गट वेगवेगळे पाहता येतात. प्रत्येक गटात किती नावे आहेत ते कागदावर लिहून ठेवा. मग Organise मध्ये जाऊन Import from SIM निवडा आणि नावे कुठे ठेवायची असे विचारल्यावर आपले जी-मेल खाते सांगा. सिमवरची मूळ नावे जागेवरच राहतात, ही फक्त प्रत असते. Device गटातली नावे निवडून Move to another account ने त्याच खात्यात हलवा. काही कंपन्यांच्या फोनवर हे पर्याय थोड्या वेगळ्या नावांनी दिसतात.

यानंतरची तपासणी सोडू नका. दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर contacts.google.com उघडून त्याच खात्याने आत जा आणि आकडा पाहा. तिथे 412 दिसले तर सगळे पोहोचले. बराच कमी आकडा दिसला तर सिंक बंद आहे किंवा नावे दुसऱ्याच खात्यात गेली आहेत. एकच माणूस दोनदा दिसत असेल तर Merge & fix ने नोंदी एकत्र करता येतात, पण ते काम आकडा जुळल्यावरच करा. आधी केले तर हिशेब लागणार नाही.

‘दुसरेच खाते’ ही शंका उगाच नाही. दुकानात नवा फोन सुरू करून देताना घाईत भलत्याच जी-मेल खात्याने लॉग-इन केले जाते, आणि मग वर्षानुवर्षे सगळे नंबर अशा खात्यात साठतात ज्याचा पासवर्ड मालकाला माहीत नसतो. अ‍ॅपच्या वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्राला टिचकी मारली की खात्याचा पत्ता दिसतो. तो तुमचा आहे ना, हे फोन हातात आल्या दिवशीच पाहून घ्या.

ज्यांना गूगल खाते नको किंवा ज्यांना बटणाच्या फोनवरून नावे आणायची आहेत, त्यांच्यासाठी फाइलचा रस्ता आहे. स्मार्टफोनवर Export to file केले की contacts.vcf अशी फाइल तयार होते. ती मेमरी कार्डावर किंवा ब्लूटूथने नव्या फोनवर न्यायची आणि Import from file ने उघडायची. अनेक बटणाच्या फोनांवरूनही नावे ब्लूटूथने पाठवता येतात. तेही जमत नसेल तर शेवटचा उपाय सिमवर कॉपी करण्याचा, पण तिथे कप्प्यांची आणि अक्षरांची काटछाट होणार हे धरून चालायचे. आयफोनवर सिममध्ये नाव सेव्ह करताच येत नाही, फक्त Import SIM Contacts ने सिमवरची नावे फोनमध्ये आणता येतात.

नव्या फोनवर खाते जोडून थोडा वेळ जाऊ दिला की आकडा पुन्हा मोजा. मग तीन नावे मुद्दाम उघडून पाहा: एक देवनागरीतले, एक दोन नंबरांचे आणि एक जे जुन्या फोनच्या Device गटात होते. तिन्ही पूर्ण दिसली तरच जुना फोन रिसेट करा, आणि ती vcf फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून द्या.