५१२ जीबीच्या लॅपटॉपवर ४७६ जीबीच का?

५१२ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज साधारण ४७६ जीबीच जागा दाखवते. यात कुणी फसवत नाही. मोजमाप वेगळे आहे. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज सुमारे १०७ कोटी ३७ लाख. ५१,२०० कोटींना या दुसऱ्या आकड्याने भागले की ४७६.८ उरतात. ॲपलने २००९ पासून मॅकवर कंपन्यांचेच माप स्वीकारले, म्हणून तिथे ही तफावत दिसत नाही.

खरी जागा खाणाऱ्या फाइली मात्र लपलेल्या असतात. सी ड्राइव्हवरील hiberfil.sys ही त्यातली ठळक. हायबरनेट करताना रॅममधला मजकूर हिच्यात उतरतो, त्यासाठी विंडोज बहुधा रॅमच्या ४० टक्के जागा आधीच अडवून ठेवते. १६ जीबी रॅम असेल तर सुमारे साडेसहा जीबी. फाइल एक्सप्लोररमध्ये ती एरवी दिसत नाही, त्यामुळे दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज वापरलेल्या जागेशी जुळत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील आज्ञा दिली की ती नाहीशी होते:

```
powercfg /h off
```

मात्र हायबरनेटबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद पडते.