व्हीलचेअर फक्त दारापर्यंत

ऐंशी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजी दादरला राहतात आणि त्यांना कोकणकन्या एक्सप्रेसने कुडाळला जायचे आहे, असे धरा. घरचे म्हणतात, गाडी दादरला थांबतेच, तिथेच बसवू. माझे मत उलटे आहे. टॅक्सीचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण आजींना सीएसएमटीला न्यावे. दादरला गाडी जेमतेम काही मिनिटे थांबते आणि फलाट गाठायला पूल किंवा लिफ्ट लागते. सीएसएमटीला रूळच संपतात, त्यामुळे पूल न चढता व्हीलचेअर थेट फलाटावर जाते. शिवाय गाडी सुटण्याआधी तिथे बराच वेळ उभी असते. तिकीट मात्र काढतानाच सीएसएमटीपासूनचे घ्या.

व्हीलचेअर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयातून विनामूल्य मिळते. बहुतेक ठिकाणी ओळखपत्र ठेवून घेतात. खुर्च्या मोजक्याच असतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून ठेवावी आणि गाडीच्या तासभर आधी पोहोचावे. ढकलायला माणूस हवा असेल तर हमालाला सांगावे लागते आणि त्याचे पैसे वेगळे. दर फलकावर लिहिलेले असतात, ते आधी वाचून मगच बोलणी करा. सोडायला येणाऱ्यांनी फलाट तिकीट काढायचे.

आता अंतर. एक डबा साधारण 24 मीटरचा, म्हणजे बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब. आजींचा डबा इंजिनाकडे असेल तर सगळा फलाट ओलांडावा लागतो. म्हणून डब्याचा क्रमांक फलाटावरच्या दर्शकाशी ताडून मगच खुर्ची हलवा.

खरी परीक्षा दारात असते. डब्याची जमीन फलाटापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते आणि साध्या डब्यातली वाट इतकी अरुंद की खुर्ची आत जात नाही. त्या दोन-तीन पायऱ्या आजींनाच चढायच्या आहेत. ‘व्हीलचेअर सांगितली आहे’ म्हणून निर्धास्त झालेली मंडळी इथे गडबडतात. आधी एकाने सामान घेऊन आत जावे आणि वाट मोकळी करावी. खुर्ची दाराशी लावून तिचे ब्रेक दाबा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा आणि मगच आजींना उभे करा. त्यांनी दोन्ही हातांनी दांडे धरून एकेक पाऊल टाकावे. खालच्या माणसाने पाठीमागून कमरेला आधार द्यावा. वरून हात धरून ओढू नये. त्याने खांदा दुखावतो आणि तोलही जातो. गाडी सुटायच्या वेळी हे करू नका, डबा उघडताच करा.

आणि कुडाळला गाडी थोडाच वेळ थांबते. तिथल्या नातेवाइकांना डबा आणि बर्थचा क्रमांक आजच कळवा, व्हीलचेअर घेऊन फलाटावर यायला सांगा.