कासव हिरवे की हॉक्सबिल? डोळ्यांमधले खवले मोजा

लक्षद्वीपला जाऊन आलेल्यांच्या मोबाइलमध्ये पाण्याखालच्या कासवाचा एखादा फोटो हमखास असतो. त्याखाली बरेचदा 'हॉक्सबिल' असे लिहिलेले असते. का, तर पाठ तपकिरी होती, तीवर किरणांसारखी नक्षी होती आणि हिरवे कासव म्हणजे हिरवेच असणार!

हा समज चुकीचा आहे. हिरव्या कासवाला ते नाव मिळाले कातडीखालच्या हिरवट चरबीमुळे. त्याची पाठ तपकिरी किंवा काळपटही असते, आणि तशी नक्षी तरुण हिरव्या कासवांवर अगदी नेहमीची. शिवाय पाण्यात तांबडा प्रकाश आधी विरतो, त्यामुळे फोटोतल्या रंगावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

भिस्त ठेवावी ती डोक्यावर. डोळ्यांच्या मधोमध, नाकपुड्यांच्या मागे लांबट खवल्यांची एकच जोडी असेल तर ते हिरवे कासव. हॉक्सबिलला तिथे दोन जोड्या असतात आणि तोंड चोचीसारखे निमुळते असते.

समजा, अगत्तीच्या उथळ पाण्यात समुद्री गवत खाणाऱ्या कासवाचा फोटो आहे. डोक्यावर खवल्यांची एक जोडी दिसते. पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना चार-चार मोठे खवले आहेत. हे चार हॉक्सबिललाही असतात, म्हणून त्या आकड्याने निकाल लागत नाही. पण लॉगरहेड बाद होते, कारण त्याला सहसा पाच असतात. कवचाची कड गुळगुळीत आहे, खवले एकमेकांवर चढलेले नाहीत. हे हिरवे कासव.

'खवले कौलांसारखे एकमेकांवर चढलेले, तरच हॉक्सबिल' हेही अर्धेच खरे. म्हाताऱ्या हॉक्सबिलचे खवले सपाट होत जातात. तेव्हा पुन्हा डोक्याकडेच वळावे लागते.

मात्र 'दोन जोड्या म्हणजे हॉक्सबिल' ही घाई कोकण किनाऱ्यावर अंगाशी येते. वेळास, आंजर्ल्याला अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडलेच्या डोक्यावरही सहसा दोन जोड्या असतात. इथे पाठ मोजावी. रिडलेला एका बाजूला पाच ते नऊ, बहुधा सहा-सात खवले असतात आणि डाव्या-उजव्या बाजूंचा आकडा जुळेलच असे नाही. वाहून आलेल्या, कुजलेल्या कासवाचा रंग गेलेला असला तरी ही मोजणी बरेचदा जमते.

नख्यांवर मात्र फार विसंबू नये. पुढच्या वल्ह्यासारख्या पायावर हिरव्या कासवाला साधारणपणे एक आणि हॉक्सबिलला दोन नख्या असतात हे खरे. पण दोन नख्या लॉगरहेडलाही असतात, रिडलेलाही असू शकतात. त्यात वाळू आणि पाण्याची हालचाल त्या झाकून टाकतात. लेदरबॅकला नख्याही नसतात आणि पाठीवर मोठे खवलेही नसतात. तिथे कातडी पाठीवरच्या उभ्या कंगोऱ्यांवरून ओळख पटते.

म्हणून फोटो काढताना एक डोक्याचा वरून आणि एक पूर्ण पाठीचा घ्यावा. त्यासाठी जिवंत कासवाला धरू नये, उलटवू नये किंवा त्याची वाट अडवू नये. आपल्याकडची सगळी समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत.