गुंतलेले कण निरोप धाडतात का?

सेमिनारसाठी आज आपण एकच प्रश्न घेऊ. लोक म्हणतात, गुंतलेल्या दोन कणांपैकी एक इथे मोजला की दुसऱ्याला तत्क्षणी निरोप जातो. गणित काय म्हणतं? सिंगलेट अवस्थेतले दोन इलेक्ट्रॉन घ्या. दोन मापनदिशांमधला कोन θ. दोन्हीकडे 'वर' येण्याची संभाव्यता ½ sin²(θ/2). इथे 'खाली', तिथे 'वर' येण्याची ½ cos²(θ/2). आता बेरीज करा. तिथे 'वर' येण्याची संभाव्यता ½. कोन गेला की! म्हणजे आपण इथली दिशा कशीही फिरवली, तरी तिथल्या नोंदींत काहीच बदलत नाही. नातं दिसतं ते दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वही काही प्रकाशापेक्षा वेगानं पोचत नाही. मग ही उत्तरं आधीच ठरलेली होती का? बेलची असमता इथूनच सुरू होते.