ताई, माझी मुलाखत घ्याल?

सरकारी बँकेत लिपिक ते अधिकारी अशी पदोन्नती असते. लेखी परीक्षा बहुतेक जण रात्री जागून काढतात, पण मुलाखतीच्या टेबलासमोर बसलं की रोज काउंटरवर दहा वेळा सांगितलेली गोष्टही तोंडातून नीट बाहेर पडत नाही. उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. जी व्यक्ती त्या टेबलावरून जाऊन आली आहे, तिच्याकडून आधी एकदा अभिरूप मुलाखत, म्हणजे मॉक इंटरव्ह्यू, घ्यायचा. अडतं ते विचारण्यापाशी.

तालुक्याच्या शाखेतला एक लिपिक घ्या. दोन वर्षांपूर्वी अधिकारी झालेल्या शेजारच्या शाखेतल्या ताईंना तो व्हॉट्सॲपवर लिहितो, “ताई, वेळ मिळेल तेव्हा जरा मुलाखतीची तयारी करून घ्याल का?” ताई लगेच “हो हो, नक्की” म्हणतात आणि गोष्ट तिथेच संपते. ताईंची नियत साफ असते, पण “वेळ मिळेल तेव्हा” हा वार कॅलेंडरात नसतो. शिवाय “तयारी” म्हणजे प्रश्न विचारायचे, नोट्स द्यायच्या की नुसता धीर द्यायचा, हे त्यांना कसं कळणार?

त्याच लिपिकाने असं लिहिलं असतं तर?

“ताई, माझी स्केल एकच्या पदोन्नतीची मुलाखत 23 तारखेला आहे. तुम्ही ती दिली आहे, म्हणून विचारतो. एकदा माझी अभिरूप मुलाखत घ्याल का? बुधवारी 10 तारखेला संध्याकाळी साडेसहा किंवा दुसऱ्या शनिवारी, 13 तारखेला, सकाळी अकरा, यातलं काही जमेल? एकूण 40 मिनिटं: 25 प्रश्नांना, 15 चुका सांगायला. तुम्ही पॅनेलच्या अध्यक्ष व्हा, ओळख दाखवू नका, मध्ये मदत करू नका. कर्ज आणि थकबाकीवर जास्त विचारा, तिथे मी कच्चा आहे. दोनच गोष्टी टिपून ठेवा: कुठे माहिती चुकली, आणि कुठे मी उत्तराआधी प्रस्तावना केली. जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा.”

मजकूर लांब आहे, पण उत्तर द्यायला सोपा. ताईंना दोन वेळांपैकी एक निवडायची आहे. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते आणि बुधवारची वेळ कॅश बंद झाल्यानंतरची आहे. मुलाखतीपर्यंत दहा-तेरा दिवस उरतात, म्हणजे चुका दुरुस्त करायलाही जागा आहे. आदल्या दिवशी घेतलेली अभिरूप मुलाखत फक्त झोप उडवते. आणि विनंती मार्चअखेरीस करू नये, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

सर्वांत मोलाचं वाक्य ‘मध्ये मदत करू नका’ हे आहे. ओळखीचा माणूस अडखळला की आपल्याला राहवत नाही, आपण शब्द पुरवतो. मग सराव होतो तो ताईंच्या बोलण्याचा.

आता शनिवारी काय घडतं ते पाहू. ताई विचारतात, “खातं एनपीए केव्हा होतं?” लिपिक सुरू होतो, “मॅडम, बँकिंगमध्ये कर्जवसुलीला फार महत्त्व आहे…” ताई कागदावर खूण करतात. अर्ध्या मिनिटाने उत्तर येतं: हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की. मुदतकर्जापुरतं ते बरोबर. मग ताई खरा प्रश्न टाकतात, “आणि पीककर्ज?” लिपिक पुन्हा 90 दिवसच सांगतो. तिथे तो चुकला. कमी मुदतीच्या पिकांसाठी थकबाकी दोन हंगाम राहावी लागते, दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम. शेतकऱ्याच्या हातात पैसा महिन्याच्या एक तारखेला नव्हे, पीक विकल्यावर येतो, म्हणून हिशेब हंगामाचा. ग्रामीण शाखेत काम करणाऱ्याकडून पॅनेल नेमकं हेच काढून घेऊ शकतं.

नुसतं “कसं वाटलं?” विचारलं असतं तर ताई म्हणाल्या असत्या, “छान, थोडा आत्मविश्वास वाढव.” त्या सल्ल्याचं घरी जाऊन करायचं काय? दोन गोष्टी टिपायला सांगितल्यामुळे हातात कागद येतो: माहितीची एक चूक, प्रस्तावनेच्या सहा खुणा. मुलाखत हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायची असेल तर सरावही त्याच भाषेत हवा. मराठीत सफाईदार निघालेलं उत्तर तिथे अडकतं.

कुणाला विचारू नये? जो तुमचा वार्षिक अहवाल लिहितो त्याला शक्यतो नाही, कारण त्याच्यापुढे आपण कच्ची बाजू उघडी करत नाही. त्याच यादीत नाव असलेल्या सहकाऱ्यालाही विचारताना जरा अवघडच जातं. आणि ताई कितीही चांगल्या असल्या तरी त्यांचं पॅनेल वेगळं होतं. त्यांचे प्रश्न पाठ करून गेलं तर फसगत होईल.

चार दिवसांनी लिपिकाने पुन्हा लिहिलं. या वेळी तीनच ओळी: “ताई, पीककर्जाचं वाचून काढलं. फोनवर दहा मिनिटं फक्त थकबाकीवरच विचाराल? गुरुवारी संध्याकाळी सात?” ताईंचं उत्तर आलं, “साडेसात कर, कुकर लावून येते.”