रांग का अडते?

जत्रेतल्या थालीपिठाच्या स्टॉलवर रांग दोन ठिकाणी अडते: गल्ल्यापाशी आणि तव्यापाशी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

गल्ल्यापाशी वेळ जातो तो ‘काय काय आहे?’ या प्रश्नात. म्हणून फलक गल्ल्यामागे न लावता रांगेच्या तोंडाशी, डोक्यांच्या वर दिसेल असा लावावा. पदार्थ चार-पाचच ठेवावेत. सर्वांत वर, ठळक अक्षरांत: ‘थालीपीठ, लोणी, ताक: १०० रुपये’. त्याखाली नुसते थालीपीठ ८०, लोणी २०, ताक २०. सुटे घेतले तर १२० होतात हे गिऱ्हाईक स्वतःच जोडते आणि वरची ओळ मागते. शंभराची एक नोट दिली की सुट्ट्यांचा घोळही उरत नाही.

टोकन फक्त तव्यावरच्या पदार्थाला द्यावे. ताक भरलेलेच असते, ते पैसे घेतानाच हातात द्यावे; वाट पाहणेही सुसह्य होते. टोकनाचे दोन भाग हवेत: एक गिऱ्हाइकाकडे, दुसरा त्याच क्रमांकाचा तव्याजवळच्या खिळ्यावर.

आता तवा. दोन तव्यांवर मिळून सहा थालीपिठे सहा मिनिटांत होत असतील, तर मिनिटाला एकच निघते. खिळ्यावर पंधरा थालीपिठांची टोकने साचली, की नव्या गिऱ्हाइकाला ‘पंधरा मिनिटे लागतील’ असे पैसे घेण्याआधी सांगावे. टोकन तव्याचा वेग वाढवत नाही. गर्दी रोजच साचत असेल, तर तिसरा तवा मांडावा.